टेनिस एल्बो: तिसरं इंजेक्शन घ्यावं, की व्यायामाला तीन महिने द्यावेत?

मंजिरी_मिरज | १२ मार्च

ताईसाठी विचारते आहे. ती स्वतः इथे लिहिणार नाही आणि मला आता तिच्याकडे बघवत नाही.

ताई ४६ वर्षांची आहे, मिरजेत पोळीभाजी केंद्र चालवते. रोजच्या अडीचशे-पावणेतीनशे पोळ्या, त्यातल्या बहुतेक ती स्वतः लाटते. गेल्या श्रावणात उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला दुखायला लागलं. आधी फक्त कणीक तिंबताना दुखायचं, मग तवा उचलताना, आणि पुढे पुढे भरलेला चहाचा कप उचलतानासुद्धा.

ऑर्थोंनी टेनिस एल्बो सांगितलं. नवरात्राच्या आधी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी दुखणं गेलं, अगदी नाहीसं झालं. दिवाळीत तिनं फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, चकलीचा सोऱ्या फिरवला. डिसेंबर लागला आणि दुखणं परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त. जानेवारीत दुसरं इंजेक्शन झालं, त्यानं जेमतेम पाच आठवडे बरं वाटलं. आता तिसरं घ्या म्हणताहेत. दुसऱ्या एकांनी पीआरपी सुचवलं, म्हणजे स्वतःच्याच रक्तातले प्लेटलेट काढून टोचायचे, एका वेळचे पंधरा हजार.

एक्स-रे चांगला आहे. सोनोग्राफीत लिहिलंय की टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, जाड झालंय, हायपोइकोइक आहे, आत छोटा टेअर आहे आणि डॉपलरवर रक्तप्रवाह वाढलेला आहे. 'टेअर' हा शब्द वाचून ताई घाबरली आहे. टेंडन फाटलंय तर मग व्यायाम कसा करायचा, असं तिचं म्हणणं. सुई टोचलेल्या जागी रुपयाएवढा पांढरट डाग पडलाय तो वेगळाच. दुसऱ्या इंजेक्शननंतर चार-पाच दिवस साखरही वर गेली होती, ती काठावरची डायबेटिक आहे.

कुणी यातून गेलं असेल किंवा या विषयातलं असेल तर सांगा.

बापू_बारामती | १२ मार्च

मला पण हाच त्रास आहे. कोपर दुखतं, रात्री करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. मोटरसायकलवर जास्त. मी कोपराला तीळतेल चोळून पट्टा बांधला, फरक नाही. ताईंना सांगा पट्ट्याचा उपयोग होत नाही.

रेवती_फिजिओ | १२ मार्च

बापू, तुमचं दुखणं कोपराच्या आतल्या अंगाला असणार. करंगळी बधिर होणं ही तिथून जाणाऱ्या नसेची तक्रार आहे. कोपर बराच वेळ दुमडून ठेवलं की ती नस ताणली जाते, म्हणून रात्री वाढतं. हा टेनिस एल्बो नाही आणि त्यावर पट्टा घट्ट बांधलात तर नस आणखी दाबली जाईल. पट्टा सोडा आणि डॉक्टरांना बोटांची ताकद तपासून घ्यायला सांगा.

मंजिरी, पुढे काही लिहिण्याआधी ताईंकडून चार गोष्टी करवून घ्या.

एक, दुखणारी जागा एका बोटानं दाखवायला सांगा. कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकावर किंवा त्याच्या अगदी पुढे बोट पडतं, की चार-पाच सेंटीमीटर खाली मांसल भागात? दोन, प्लॅस्टिकची खुर्ची हात सरळ ठेवून, तळवा खाली करून पाठीकडून उचलायला सांगा, मग तीच खुर्ची तळवा वर करून. तीन, मान वळवल्यावर हातात कळ जाते का? चार, हातवाल्या खुर्चीतून दोन्ही हातांवर भार देऊन उठताना कोपर निसटेल असं वाटतं का, किंवा आत 'खट्' असं होतं का?

शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारते आहे. एकाच जागी पुन्हा पुन्हा स्टिरॉइड गेलेल्या कोपरात कधी कधी टेंडनखालचं लिगामेंटही सैल झालेलं सापडतं.

धनंजय_ठाणे | १३ मार्च

मी क्लबात बॅडमिंटन खेळतो, दोन वर्षांपूर्वी मला झालं होतं. सरळ सांगतो, स्टिरॉइड पूर्ण चुकीचं आहे. स्टिरॉइड सूज घालवतं आणि टेनिस एल्बोत सूज नसतेच, हे आता सिद्ध झालंय. टेंडन झिजलेलं असतं. झिजलेलं टेंडन परत बांधायला वाढीचे घटक लागतात, ते प्लेटलेटमध्ये असतात. म्हणून पीआरपी. मी घेतलं आणि सात महिन्यांत पूर्ण बरा झालो. स्टिरॉइड आणि पीआरपी समोरासमोर ठेवून केलेला हॉलंडमधला अभ्यास आहे, शंभर पेशंटचा, वर्षानंतर पीआरपी स्पष्ट पुढे होतं. पंधरा हजार जास्त वाटतात, पण एकदाच द्यायचे आहेत.

वसंतकाका | १३ मार्च

धनंजय, तुमचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहितो. मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट आहे, नागपुरात शिकवायचो. कोपरातून काढलेल्या टेंडनच्या स्लाइड माझ्या टेबलावर बऱ्याच येऊन गेल्या.

निरोगी टेंडनची स्लाइड विंचरलेल्या केसांसारखी दिसते. कोलॅजनचे सगळे धागे एका दिशेला, किंचित लाट असलेले, आणि त्यांच्या मधून ओळीनं बसलेल्या बारीक चपट्या पेशी. रक्तवाहिन्या शोधाव्या लागतात. टेनिस एल्बोची स्लाइड लावली की पहिल्यांदा डोळ्यात भरतो तो विस्कटलेपणा. धागे तुटक, वाटेल त्या दिशेला गेलेले, त्यांच्या मधली जागा पाणी धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थानं फुगलेली. पेशी चपट्या राहिलेल्या नाहीत, गोलसर आणि फुगीर झालेल्या. एका कोपऱ्यात त्यांची गर्दी, दुसरीकडे शुकशुकाट. आणि सगळ्यातून घुसलेल्या नव्या रक्तवाहिन्या. त्यातल्या काहींना नीट पोकळीसुद्धा नसते, म्हणजे त्यांतून रक्त वाहत असेल असं वाटत नाही.

विद्यार्थी हमखास शोधायचे त्या दाहाच्या पेशी. टॉन्सिलच्या किंवा अपेंडिक्सच्या स्लाइडवर जशी पांढऱ्या पेशींची दाटी दिसते तशी इथे नसते. निर्शल आणि पेट्रोन या अमेरिकन सर्जननी १९७९ मध्ये हे चित्र नीट मांडलं आणि त्याला 'अँजिओफायब्रोब्लास्टिक हायपरप्लेझिया' असं नाव दिलं. रक्तवाहिन्या आणि धागे बनवणाऱ्या पेशी, दोन्हींची बेशिस्त वाढ. हा बिघाड मुख्यतः मनगट मागे उचलणाऱ्या एका स्नायूच्या मुळाशी असतो, ज्याला आम्ही ईसीआरबी म्हणतो. मनगट स्थिर ठेवून घट्ट पकडायचं म्हटलं की हा स्नायू कामाला लागतो. ताईंचं लाटणं, पिळणं, तवा उचलणं, सगळं त्याच्यावर आहे.

आता तुमच्या 'सूज नसतेच' या वाक्याबद्दल. त्या दोघांनी १,२१३ कोपरं तपासली होती आणि ऑपरेशन केलं होतं फक्त ८८. स्लाइड त्या ८८ मधूनच येते. म्हणजे आम्ही पॅथॉलॉजिस्ट बघतो ती गोष्टीची शेवटची पानं, तीही सगळ्यात रेंगाळलेल्या दुखण्यांची. पहिल्या तीन आठवड्यांत आत काय चाललेलं असतं ते बघायला कुणी टेंडनचा तुकडा काढत नाही. शिवाय अलीकडे खास स्टेन वापरून इतर टेंडन तपासली तेव्हा मॅक्रोफेज आणि मास्ट या दाहातल्याच पेशी सापडल्या. तेव्हा नेहमीचा, लाल होऊन सुजणारा दाह नसतो, एवढंच मी म्हणेन. 'अजिबात नसतो' असं म्हणायला माझ्याकडे स्लाइड नाही.

मंजिरी, सोनोग्राफीतला हायपोइकोइक भाग म्हणजे हाच विस्कटलेला, पाणी धरलेला भाग, आणि डॉपलरवरचा प्रवाह म्हणजे त्या नव्या रक्तवाहिन्या. 'टेअर' बऱ्याचदा या विस्कटलेल्या धाग्यांमधली फट असते. ज्यांचं कोपर कधीच दुखलं नाही अशांच्या सोनोग्राफीतही असे बदल दिसतात. रिपोर्टमधल्या शब्दावरून ताईंनी हात गळ्यात बांधून बसू नये.

मंजिरी_मिरज | १४ मार्च

काका, तुमचा प्रतिसाद ताईला वाचून दाखवला. 'विस्कटलेले केस' तिला लगेच कळलं.

रेवतीताई, चारही गोष्टी करून पाहिल्या. बोट बरोबर हाडाच्या टोकाच्या पुढे पडतं. खुर्ची तळवा खाली करून उचलताच येईना, एवढी कळ गेली. तळवा वर करून उचलली तेव्हा जवळजवळ काही नाही, यावर तीच चकित झाली. मानेचं काही नाही. खुर्चीतून उठताना निसटल्यासारखं किंवा खट् असं काही वाटत नाही.

पण मला एक कळत नाही. काका म्हणतात तसा दाह नसेल, तर पहिल्या इंजेक्शननं चार दिवसांत दुखणं गेलं कसं?

वसंतकाका | १४ मार्च

हा प्रश्न परीक्षेत विचारला असतात तर मी पूर्ण मार्क दिले असते.

दुखणं आणि विस्कटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वीडनमध्ये टेनिस एल्बो झालेल्यांच्या टेंडनमध्ये बारीक नळी घालून आतलं रसायन तपासलं. दाहात वाढतं ते प्रोस्टाग्लँडिन वाढलेलं नव्हतं, पण ग्लुटामेट वाढलेलं होतं, आणि ते वेदनेचा निरोप पोचवणाऱ्यांपैकी आहे. नव्या रक्तवाहिन्यांच्या सोबत बारीक मज्जातंतूही सापडतात. स्टिरॉइड हा सगळा गलका शांत करत असावं, पण नेमकं कसं ते पक्कं ठरलेलं नाही. दुसरीकडे, प्रयोगशाळेत टेंडनच्या पेशींवर स्टिरॉइड टाकलं की त्यांची वाढ मंदावते आणि कोलॅजन बनवणं कमी होतं. धागे विंचरून पुन्हा बसवायचं काम ज्यांनी करायचं, त्याच पेशी मंद होतात.

यात दिवाळीची भर घाला. दुखत नव्हतं म्हणून ताईंनी सोऱ्या फिरवला. टेंडन ऑक्टोबरमध्ये जसं होतं तसंच होतं, फक्त त्याचा आवाज बंद केलेला होता.

रेवती_फिजिओ | १५ मार्च

तपासणीवरून हा बाहेरच्या बाजूचाच नेहमीचा टेनिस एल्बो दिसतोय आणि सांधा सैल नाही, हे चांगलं. तिसऱ्या इंजेक्शनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. मी स्वतः व्यायाम शिकवते, म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका, आकडे बघा.

हॉलंडमध्ये १८५ पेशंटचे तीन गट केले होते. एकाला स्टिरॉइड, एकाला फिजिओ, आणि एका गटाला नुसतं 'थांबा आणि बघा'. हा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. सहा आठवड्यांनी स्टिरॉइडवाले ९२ टक्के खूश, फिजिओवाले ४७, थांबलेले ३२. इथेच थांबलं तर कुणीही इंजेक्शनच घेईल आणि डॉक्टरही तेच देतील, कारण सहा आठवड्यांनी पेशंट पेढे घेऊन येतो. पण ५२ आठवड्यांनी स्टिरॉइडवाले ६९ टक्क्यांवर आले, फिजिओवाले ९१ वर आणि काहीच न केलेले ८३ वर. इंजेक्शन घेतलेले लोक काहीच न केलेल्यांच्याही मागे पडले.

दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, २०१३ चा, १६५ जणांचा. त्यात अर्ध्यांना स्टिरॉइड दिलं आणि अर्ध्यांना नुसतं सलाइन टोचलं, म्हणजे सुई सगळ्यांना. वर्षभरात दुखणं उलटलं ते स्टिरॉइडवाल्यांत ५४ टक्के लोकांचं, सलाइनवाल्यांत १२ टक्के. ताईंची डिसेंबरची गोष्ट यातच आली.

धनंजय, तुमच्या हॉलंडच्या अभ्यासाची अडचणही हीच आहे. तिथे पीआरपीची शर्यत स्टिरॉइडशी लावली होती, आणि स्टिरॉइड वर्षाच्या शेवटी मागे पडतं हे आपण आत्ताच पाहिलं. त्याच्या पुढे राहणं म्हणजे पीआरपीनं काही केलं असं होत नाही. डेन्मार्कमध्ये ६० जणांत पीआरपी, स्टिरॉइड आणि सलाइन असे तीन गट केले, तेव्हा तीन महिन्यांनी दुखण्याच्या बाबतीत तिघांत फरक नव्हता. २०२१ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेनं बत्तीस अभ्यास एकत्र करून पाहिले. स्वतःचं रक्त किंवा पीआरपी टोचून खोट्या इंजेक्शनपेक्षा लक्षात येण्याजोगा फायदा बहुधा होत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

धनंजय_ठाणे | १५ मार्च

मग मी बरा कसा झालो?

सुनंदा_रत्नागिरी | १५ मार्च

मी सांगू? मी पीआरपी घेतलं नाही, स्टिरॉइड घेतलं नाही, व्यायामही केला नाही. विळीवर नारळ खवायचं बंद केलं, घरच्यांना सांगितलं की कपडे तुम्हीच पिळा, आणि आठ-नऊ महिन्यांत माझं कोपर आपोआप बरं झालं. वरच्या आकड्यांतही काहीच न केलेले ८३ टक्के बरे झालेच की. मग बिचाऱ्या ताईंना व्यायामाच्या मागे कशाला लावायचं? दिवसभर उभी राहून ती लाटतेच आहे.

रेवती_फिजिओ | १६ मार्च

सुनंदाताई, तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही, आणि धनंजयच्या प्रश्नाचं उत्तरही बहुधा त्यातच आहे. अभ्यासांतल्या खोटी औषधं घेतलेल्या लोकांकडे पाहिलं तर दर तीन-चार महिन्यांनी उरलेल्यांतले साधारण निम्मे बरे होतात आणि वर्षाअखेर दहातले नऊ. सात महिन्यांत बरं होणं हा या दुखण्याचा स्वभावच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, तीही सांगते. वर्षाच्या शेवटी फिजिओ केलेले आणि न केलेले यांच्यात फरक उरला नव्हता. फरक होता तो सुरुवातीला: सलाइन टोचलेल्यांत चार आठवड्यांनी फिजिओवाले पुढे होते. व्यायामाचा फायदा आहे, पण तो मोठा नाही आणि त्याचे पुरावेही फार भक्कम नाहीत. तरी ताईंना मी व्यायामच सांगेन. तुम्ही खवणं बंद करू शकलात. ताईंनी लाटणं बंद केलं तर केंद्र बंद. त्यांना तीन महिन्यांनी पुन्हा अडीचशे पोळ्या पेलेल असा हात हवाय, आणि नुसत्या विश्रांतीनं स्नायू आणखी दुबळा होतो.

मंजिरी, घरी डायल आणि फुगा असलेलं जुनं बीपीचं यंत्र आहे का? असेल तर पट्टा गुंडाळून दोरीनं बांधा आणि २० पर्यंत हवा भरा. ताईंनी कोपर सरळ ठेवून तो हळूहळू दाबायचा आणि दुखायला सुरुवात झाली त्या क्षणी थांबायचं. तेव्हाचा आकडा लिहून ठेवा, दोन्ही हातांचा. पूर्ण जोर लावायचा नाही. दुखल्याशिवाय किती पकडता येतं हेच आपल्याला बघायचंय. दर रविवारी एकदा.

मंजिरी_मिरज | १८ मार्च

बाबांचं जुनं यंत्र माळ्यावर सापडलं. डावा १९०, उजवा ६०. ताई आकड्याकडे बघतच राहिली.

रेवती_फिजिओ | १८ मार्च

मग इथून सुरुवात.

पहिले दोन आठवडे हालचाल न करता नुसतं पेलायचं. हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलावर, तळवा खाली, पंजा टेबलाच्या कडेबाहेर, कोपर दुमडलेलं. हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, मनगट सरळ, तीस ते पंचेचाळीस सेकंद धरायचं. मध्ये मिनिटभर थांबून असं चार-पाच वेळा, दिवसातून दोनदा.

तिसऱ्या आठवड्यापासून त्याच बैठकीत हालचाल. मनगट वर घ्यायचं आणि चार मोजत खाली सोडायचं, पंधरा वेळा, असे तीन फेरे, दिवसातून एकदा. स्वीडनच्या एका अभ्यासात बायकांना एक लिटर पाण्याच्या कॅननं सुरुवात करून दिली होती आणि दर आठवड्याला शंभर मिली पाणी वाढवलं होतं, तीन महिने. मला ही पद्धत आवडते कारण पाणी मोजता येतं. ताईंचा आकडा ६० आहे, म्हणून अर्ध्या लिटरनंच चालू करा. खाली सोडताना जास्त भर द्यायचा की दोन्हीकडे सारखा, यावर आमच्यात वाद आहेत. मी दोन्ही करवते. सहाव्या आठवड्यानंतर कोपर सरळ ठेवून तेच, आणि जड लाटणं एका टोकाला धरून तळवा वर-खाली फिरवणं.

व्यायाम करताना दुखलं तर घाबरायचं नाही. दहापैकी तीन-चार इतकं चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला कप उचलताना रोजच्यापेक्षा जास्त दुखलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून एक पायरी खाली यायचं.

आणि कामात बदल, तो नसेल तर वरचं सगळं वाया. कणीक मदतनीस बाई तिंबेल. पोळ्या आधी शंभर, त्याही सलग नकोत, तीस-तीस करून. लाटणं मुठीत आवळायचं नाही, तळव्यांखाली फिरवायचं. ओटा उंच असेल तर पायाखाली पाट घ्या, म्हणजे मनगट मागे मुडपणार नाही. पातेली, पिशव्या, सगळं तळवा वर करून आणि कोपर अंगाजवळ ठेवून. खुर्चीचा अनुभव त्यांना आठवत असेलच.

मंजिरी_मिरज | २० एप्रिल

पाचवा आठवडा संपतोय. पहिले दोन आठवडे ६०, मग ८०, मग १००. आणि परवा घोटाळा झाला. ज्वारीचं पोतं आलं, हमाल निघून गेला होता, ताईनं ते दोन्ही हातांनी ओढून आत घेतलं. काल सकाळी कप उचलवेना. आज आकडा ७०. ती म्हणते सगळं मुसळ केरात गेलं, आणि व्यायाम नको म्हणतेय. त्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लग्नाची ऑर्डर आहे, तीन दिवस, हजारभर पोळ्या. डॉक्टर म्हणतात एक इंजेक्शन घ्या, ऑर्डर निभावून जाईल.

वसंतकाका | २० एप्रिल

एका दिवसाच्या ओढाताणीनं टेंडन पुन्हा मार्चसारखं होत नाही. धागे बसायला महिने लागतात, तसे ते एका दुपारी उठतही नाहीत. जास्त दुखतंय याचा अर्थ आत जास्त बिघडलं असा नाही.

इंजेक्शनच्या बाबतीत मात्र मी रेवतीइतका ठाम नाही. तीन दिवसांवर वर्षाचं उत्पन्न अवलंबून असेल तर माणसानं काय करावं हे स्लाइड सांगत नाही. सहा आठवडे आराम मिळेल हे खरं आहे आणि पुढचं वर्ष महाग पडण्याची शक्यता आहे हेही खरं. दोन्ही ऐकून ताईंनी ठरवावं.

रेवती_फिजिओ | २१ एप्रिल

काका, पहिलंच इंजेक्शन असतं तर मीही कदाचित तुमच्यासारखं म्हटलं असतं. दोन झालीत, दुसऱ्याचा आराम पहिल्यापेक्षा कमी टिकला, साखर वर गेली, कातडीचा रंग गेला. आणि इंजेक्शननंतर त्या हजार पोळ्या त्या एकट्या लाटतील, कारण दुखणारच नाही. मला भीती त्याचीच आहे.

मंजिरी, तीन-चार दिवस नुसतं पेलण्याचा व्यायाम, अर्ध्या लिटरवर. मग तिसऱ्या आठवड्याच्या मापापासून पुन्हा वर. लग्नासाठी दोन लाटणाऱ्या बायका मिळतात का बघा. त्या तीन दिवसांपुरता कोपराखाली दोन बोटं सोडून पट्टा बांधून पाहायला हरकत नाही. पकडताना कमी दुखलं तर ठेवा, नाहीतर काढा.

विक्रम_डोंबिवली | २१ एप्रिल

ऑपरेशनचा विचार केला का? सचिनचं २००५ मध्ये लंडनला याच दुखण्यासाठी ऑपरेशन झालं होतं आणि तो त्यानंतर आठ वर्षं खेळला. रोज टाचणी टोचल्यासारखं सोसण्यापेक्षा एकदाच काय ते करून टाकावं.

रेवती_फिजिओ | २२ एप्रिल

ऑपरेशननंतर लोक बरे होतात, त्यात शंका नाही. पण ऑस्ट्रेलियात २६ जणांचा एक छोटा अभ्यास झाला. अर्ध्यांचा तो विस्कटलेला भाग कापून काढला आणि अर्ध्यांना नुसता छेद देऊन टाके घातले, कुणाला काय केलं ते पेशंटला माहीत नव्हतं. दोन्ही गट सारखेच बरे झाले. २६ माणसं म्हणजे अगदी थोडी, त्यावरून ऑपरेशन निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. पण आठ महिन्यांत, नीट व्यायाम एकदाही पूर्ण न करता, तिथे जायची घाई नको.

मंजिरी_मिरज | १४ जून

उशिरा लिहितेय, लग्नाच्या धावपळीत राहिलं. ताईनं इंजेक्शन घेतलं नाही. शेजारच्या गल्लीतल्या दोघी लाटायला आल्या, ताईनं भाजायचं काम डाव्या हातानं केलं. पैसे कमी सुटले, त्याचं तिला अजून वाईट वाटतं.

व्यायाम चालू आहे. कॅनमध्ये आता लिटरभर पाणी आहे. गेल्या रविवारी आकडा उजवा १४०, डावा १९०. सकाळचा कप दुखत नाही. पोळ्या दीडशे लाटते, त्यापुढे दुखायला लागतं. कपडे पिळणं अजून जमत नाही. खुर्ची तळवा खाली करून उचलते, पण तोंड वाकडं होतं.

सोनोग्राफी पुन्हा केली. टेंडन अजून जाडच आहे, डॉपलरवर प्रवाहही आहे. डॉक्टर म्हणाले, फारसा फरक नाही. दुखणं एवढं कमी होऊन रिपोर्ट तसाच कसा? आणि हे इंजेक्शन न घेतल्यामुळे झालं, व्यायामामुळे, की दिवस गेले म्हणून?

वसंतकाका | १४ जून

रिपोर्ट तसाच राहतो, हे नेहमीचं आहे. दुखणं गेलेल्यांच्या टेंडनमध्येही तो विस्कटलेला भाग दिसत राहतो. आजूबाजूचं निरोगी टेंडन भार उचलायला शिकतं असं काही जण मानतात. मला ते पटतं, पण माझ्याकडे बऱ्या झालेल्या कोपराची स्लाइड कधीच आली नाही. बरं झाल्यावर कोण तुकडा काढून देणार?

रेवती_फिजिओ | १५ जून

तिघांपैकी कशानं झालं ते एका ताईंवरून कुणालाच सांगता येणार नाही. सोनोग्राफी आता पुन्हा करू नका, रविवारचा आकडाच बघत राहा. कोपर सरळ ठेवून अर्ध्या लिटरपासून परत सुरुवात करा, तिथेच त्यांचं अडतंय. पोळ्या दीडशेवरून आठवड्याला दहानं वाढवा. कपडे पिळणं इतक्यात नको, नळाभोवती गुंडाळून दोन्ही टोकं ओढली तरी पाणी निघतं.

सुनंदा_रत्नागिरी | १५ जून

नळाची युक्ती मी वर्षभर करतेय. ओल्या चादरीला नळ हलतो, तेव्हा खिडकीचा गज बरा.